पाचवीतल्या मुलाचं लांबलेलं आजारपण : मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज कसा लिहावा?

रानजाई

माझा मुलगा यंदा पाचवीत गेला. शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित. शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच सकाळी उठल्यावर त्याच्या डोळ्यांखाली सूज दिसायला लागली. दुपारपर्यंत ओसरायची, म्हणून आम्ही ॲलर्जी धरून चाललो होतो. मग मोज्यांचे वळ पायांवर संध्याकाळपर्यंत तसेच राहायला लागले आणि लघवीला फेस यायला लागला. बालरोगतज्ज्ञांनी लघवी तपासायला सांगितली, अल्ब्युमिन हे प्रथिन तीन प्लस आलं. निदान : नेफ्रोटिक सिंड्रोम, मूत्रपिंडाचा आजार. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे एकाआड एक दिवस घ्यायच्या आहेत. म्हणजे एकूण तीन महिने.

वर्गशिक्षिकांना फोनवर कळवलंय. त्या म्हणाल्या, मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या. मी असा लिहिलाय :

> प्रति,
> मा. मुख्याध्यापक,
> अ. ब. क. विद्यालय
>
> विषय : तीन महिन्यांची रजा मिळणेबाबत.
>
> महोदय,
> सविनय विनंती की, माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता ५ वी (ब) मध्ये शिकत आहे. तो आजारी असून डॉक्टरांनी त्यास विश्रांती घेण्यास सांगितले आहे. तरी त्यास दि. ९ जुलै ते ९ ऑक्टोबर अशी तीन महिन्यांची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.
> कळावे,
> आपली विश्वासू

आजाराचं नाव लिहावं की नाही? परीक्षेचं काही लिहावं का? की एवढं पुरे आहे? जाणकारांनी सांगा.

सोनटक्का

काळजी घ्या ताई. मी जिल्हा परिषदेत आहे, म्हणून सांगते. तुम्ही राज्य सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेत असाल तर बालसंगोपन रजा मिळते, संपूर्ण सेवेत १८० दिवस. मुलाच्या आजारपणासाठी घेता येते. अर्ज मुख्याध्यापकांना नाही, तुमच्या कार्यालयप्रमुखांना करायचा. मुलाचं वय अठराच्या आत हवं. माझ्या मुलीच्या ऑपरेशनच्या वेळी मी घेतली होती, त्रास झाला नाही.

रानजाई

धन्यवाद सोनटक्का, पण रजा माझी नाही, मुलाची आहे. मी घरीच शिवणकाम करते.

सोनटक्का

अच्छा, मी चुकीचं वाचलं. असू दे, कोणाला तरी उपयोगी पडेल.

डोंगरवाट

एवढा विचार करू नका. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करता येत नाही, नावही काढता येत नाही. वर्गशिक्षिकेला व्हॉट्सॲपवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो टाका, झालं काम. परीक्षेचा विषय अर्जात कशाला? माझ्या पुतण्याला मलेरिया झाला होता तेव्हा आम्ही काहीच लिहून दिलं नव्हतं.

पाटीपेन्सिल

रानजाई, मी तेहतीस वर्षं शिकवलं आणि शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. असे अर्ज माझ्या टेबलावर खूप आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी डोंगरवाट यांच्याबद्दल. नाव काढता येत नाही हे बरोबर, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नापासाचं मात्र आता तसं राहिलेलं नाही. केंद्राने २०१९ मध्ये कायद्याचं ते कलम बदललं आणि आपल्याकडे २०२३-२४ पासून नेमक्या पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. त्यात मूल कमी पडलं तर शाळेने जादा मार्गदर्शन करून निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घ्यायची. तिथेही जमलं नाही तर त्याच वर्गात बसवता येतं. तुमचा मुलगा नेमका पाचवीत आहे, म्हणून अभ्यासाचा विषय अर्जात आलाच पाहिजे.

आता तुमचा मसुदा. त्यातली एकच गोष्ट मला खटकते, पण ती मोठी आहे : तुम्ही एकदम तीन महिन्यांची रजा मागताय. गोळ्या तीन महिने आहेत. मुलाने तीन महिने घरी राहायचं, असं डॉक्टर म्हणालेत का? हे आधी विचारून घ्या. शाळेत काय होतं ते सांगते. एवढी लांब रजा मंजूर झाली की वर्गशिक्षिका ते मूल दिवाळीनंतर येणार असं धरून चालते. गटकार्यात त्याचं नाव येत नाही, स्वाध्याय पाठवायचे राहून जातात, चाचणीचा विषय निघत नाही. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. चाळीस मुलं समोर बसलेली असतात, न आलेल्या मुलाकडे लक्ष जायला काहीतरी निमित्त लागतं. आणि समजा मूल पाच आठवड्यांत बरं होऊन वर्गात आलं, तर कागदावर ते अजून रजेवरच असतं.

म्हणून रजा मागायची ती डॉक्टरांच्या पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत. पुढे वाढणार असेल तर 'तपासणीनंतर कळवते' असं लिहायचं आणि खरोखर कळवायचं. दर वेळी दोन ओळींचा वाढीव अर्ज पुरतो, आणि त्या निमित्ताने मुख्याध्यापकांसमोर मुलाचं नाव पुन्हा येतं.

दुसरं, डॉक्टरांच्या दाखल्यातली मुदत आणि अर्जातली मुदत जुळली पाहिजे. दाखला पंधरा दिवसांचा आणि अर्ज तीन महिन्यांचा, असं असलं की लिपिक अर्ज बाजूला ठेवतो आणि तो बाजूलाच राहतो. दाखल्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि सही आहे ना, एवढं दवाखान्यातून निघतानाच बघून घ्या.

टपालवही

मी शाळेत लिपिक आहे. मॅडमनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त माझ्या टेबलापुरतं बोलतो.

अर्जाच्या दोन प्रती आणा. एक आम्ही ठेवतो, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून परत देतो. ही पोच जपून ठेवा. व्हॉट्सॲपचा फोटो शिक्षिकेच्या फोनमध्ये राहतो, त्यांची बदली झाली किंवा फोन बदलला की विषय संपला. मुलाचं नाव जनरल रजिस्टरला आहे तसंच पूर्ण लिहा आणि रजिस्टर क्रमांक टाका, तो प्रगतिपुस्तकावर सापडेल. एकाच वर्गात एकाच आडनावाची तीन-तीन मुलं असतात.

लेखी का हवं त्याचं आणखी एक कारण आहे. सलग एक महिन्याहून जास्त काळ न येणारं मूल शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात धरतात. अर्ज आणि दाखला फाईलला असला की विचारणा झाल्यावर कागद दाखवता येतो. नसला तर शिक्षक घरी चौकशीला येतात आणि पालकांना वाटतं, शाळा त्रास देतेय.

कृष्णाकाठ

मी इथे सहसा लिहीत नाही, पण आजाराचं नाव लिहावं का या प्रश्नावर बोलायचंय. लिहू नका.

माझ्या मुलीला नववीत मानेतल्या गाठीचा टीबी निघाला. गाठीचा टीबी एकापासून दुसऱ्याला होत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. सहा महिने गोळ्या होत्या, मुलगी तीन आठवड्यांत शाळेत जाण्याइतकी बरी झाली. पण अर्जात मी सरळ टीबी लिहिलं होतं. अर्ज कार्यालयातून शिक्षकांच्या खोलीत गेला, तिथून कसा कोण जाणे पालकांच्या ग्रुपवर पोचला. मुलगी परत गेली त्या दिवशी तिच्या बाकावर शेजारी कोणी बसलं नाही. दोन पालकांनी तिचा बाक वेगळा करा म्हणून शाळेत निरोप धाडला. ती पुढे दहावीला चांगली पास झाली, पण त्या वर्षानंतर तिने शाळेच्या स्नेहसंमेलनात भाग घेतला नाही.

तेव्हा अर्जात 'दीर्घकालीन वैद्यकीय कारण' एवढंच लिहा. दाखला बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या हातात द्या. शाळेला याहून जास्त कळायची गरज नाही.

मीठभाकर

रानजाई, माझी मुलगी आता नववीत आहे. तिला हाच आजार साडेचार वर्षांची असताना झाला आणि त्यानंतर चार वेळा उलटला. त्यामुळे तुमचा निरोप वाचून लगेच लिहायला बसले.

आधी दिलासा म्हणून नाही, माहिती म्हणून सांगते : गोळ्या सुरू झाल्यावर बहुतेक मुलांची लघवीतली प्रथिनं दोन ते चार आठवड्यांत थांबतात. रोज सकाळची पहिली लघवी घरी पट्टीने तपासून वहीत लिहायला सांगितलं असेल. सलग तीन दिवस निल किंवा ट्रेस आलं की आजार आटोक्यात आला असं डॉक्टर धरतात. सूज त्याच सुमारास उतरते. आमच्या डॉक्टरांनी त्यानंतर आठवड्याभरात शाळा सुरू करायला लावली, गोळ्या चालू असतानाच. तुमच्या डॉक्टरांचं मत वेगळं असू शकतं, कारण रोजचा डोस मोठा असेपर्यंत प्रतिकारशक्ती कमी असते आणि पावसाळ्यात वर्गात सर्दी-ताप असतोच. पण तीन महिने सरसकट घरी, असं सहसा नसतं. पाटीपेन्सिल म्हणतात ते अगदी योग्य आहे, तपासणीच्या तारखेपर्यंतच मागा.

नावाबद्दल माझं मत कृष्णाकाठ यांच्या उलट आहे. त्यांच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं आणि त्यांना असं का वाटतं तेही कळतं. पण या आजारात शाळेला न सांगून चालत नाही. वर्गात कोणाला कांजिण्या आल्या तर तुम्हाला त्याच दिवशी कळलं पाहिजे. स्टिरॉइडवर असलेल्या मुलाला कांजिण्या जड जाऊ शकतात, आणि संपर्क आल्यावर जे प्रतिबंधक उपचार असतात ते पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात. शाळेला कारणच माहीत नसेल तर तुम्हाला फोन कोण करणार? माझ्या मुलीच्या पहिलीच्या वर्गात असं झालं होतं. बाईंनी दुपारच्या सुट्टीतच फोन केला म्हणून आम्ही संध्याकाळी दवाखान्यात होतो.

कृष्णाकाठ

मीठभाकर, कांजिण्यांचा मुद्दा मान्य. पण 'वर्गात कांजिण्या किंवा गोवराचा रुग्ण निघाल्यास तत्काळ कळवावे' हे आजाराचं नाव न लिहिताही सांगता येतं की.

मीठभाकर

येतं. पण कारण न समजता दिलेली सूचना आठ दिवसांत विसरली जाते, असा माझा अनुभव आहे. कारण कळलं की बाई स्वतःहून लक्ष ठेवतात. शिवाय स्टिरॉइडने चेहरा गोल होतो, भूक भयंकर लागते, चिडचिड वाढते. मुलगा परत जाईल तेव्हा गाल फुगलेले असतील आणि पोरं चिडवतील. बाईंना माहीत असेल तर त्या पहिल्याच दिवशी वर्गाला सांभाळून घेतात. मीठ हाही प्रश्न आहेच. सूज असेपर्यंत मीठ कमी, म्हणजे शाळेतली खिचडी चालणार नाही. डबा घरचा न्यायचा. रोज खिचडीला नको म्हणणारं मूल बाईंना हट्टी वाटायला नको.

पाटीपेन्सिल

दोघांचंही थोडं थोडं घेता येईल. मी असं करायचे : अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे असतो, त्यात आजाराचं नाव असू द्यावं, कारण दाखल्यावर ते असतंच. वर्गशिक्षिकेसाठी मात्र वेगळा अर्धा कागद द्यावा. त्यावर निदान नको, काय करायचं आणि काय टाळायचं एवढंच लिहावं. तो कागद हजेरीपत्रकात राहतो, बदली शिक्षक आले तरी त्यांच्या हाती पडतो. आणि अर्जातच एक वाक्य घालावं की ही माहिती कार्यालयापुरती ठेवावी. असं लेखी मागितलेलं असलं की कागद फिरवताना माणूस थबकतो.

अजून एक. पाचवीच्या वयाला आरोग्य खात्याची माणसं टीडीची लस द्यायला शाळेत येतात. त्या दिवशी मुलगा हजर असेल तर रांगेत उभा राहील. तेही कागदावर येऊ द्या.

मीठभाकर

हो, हे महत्त्वाचं. टीडी जिवंत लस नाही, त्यामुळे तिची भीती तेवढी नसते. गोवर-रुबेलासारख्या जिवंत लशी मोठ्या डोसच्या काळात टाळतात. पण शाळेतल्या माणसांनी हा फरक करत बसू नये. 'आमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही लस नको' एवढंच लिहा.

डोंगरवाट

पाचवीच्या परीक्षेचं मला खरंच माहीत नव्हतं. माझा मुलगा आता कॉलेजात आहे, त्याच्या वेळचा नियम डोक्यात होता. पण मग ७५ टक्के हजेरीचं काय? तीन महिने गेले तर तेवढी भरणारच नाही.

टपालवही

ती अट दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेला असते. पाचवीला बोर्ड नाही. पाचवीत अडचण येते ती आकारिक मूल्यमापनाच्या नोंदींची. तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय असे रकाने वर्षभर भरायचे असतात. मूल नसलं की ते रिकामे राहतात, आणि सत्राच्या शेवटी शिक्षकाला घाईघाईत काहीतरी भरावं लागतं.

पाटीपेन्सिल

आणि त्यातलं बरंचसं घरून होण्यासारखं आहे. प्रकल्प घरी होतो, स्वाध्याय घरी होतात, तोंडी काम मूल परत आल्यावर दोन दिवसांत घेता येतं. तेच अर्जात मागा. 'अभ्यासात सवलत द्यावी' असं मोघम लिहू नका. मोघम विनंतीवर मुख्याध्यापक 'बघू' म्हणतात. 'आकारिक मूल्यमापनाचे प्रकल्प व स्वाध्याय घरी करून देण्याची परवानगी द्यावी' असं नेमकं लिहिलं की त्यांना त्याच अर्जावर शेरा मारून वर्गशिक्षिकेकडे पाठवता येतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तीन महिने घरी बसवायचं कारण नाही. २ ऑगस्टला तपासणी आहे, तोवर प्रथिनं थांबून सूज उतरली असेल तर शाळेबद्दल तेव्हा ठरवू. दाखला त्यांनी ४ ऑगस्टपर्यंतचा दिलाय. त्याप्रमाणे नव्याने लिहिलंय, बघा :

> दिनांक : १४ जुलै
>
> प्रति,
> मा. मुख्याध्यापक,
> अ. ब. क. विद्यालय
>
> विषय : इ. ५ वी (ब) मधील माझ्या मुलास वैद्यकीय कारणास्तव दि. ९ जुलै ते ४ ऑगस्ट या कालावधीत रजा मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> माझा मुलगा कु. (पूर्ण नाव), इयत्ता ५ वी, तुकडी ब, हजेरी क्र. __, जनरल रजिस्टर क्र. __, यास नेफ्रोटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा आजार झाल्याचे दि. ८ जुलै रोजी निदान झाले आहे. हा आजार संसर्गजन्य नाही. त्यावर औषधोपचार सुरू असून ते सुमारे तीन महिने चालतील. सध्या डॉक्टरांनी घरी राहण्यास सांगितले आहे. पुढील तपासणी दि. २ ऑगस्ट रोजी आहे. तरी दि. ९ जुलै ते ४ ऑगस्ट या काळातील त्याची रजा मंजूर व्हावी. तपासणीनंतर तो शाळेत कधीपासून येईल, किंवा रजा वाढवावी लागेल, हे मी लेखी कळवीन.
>
> या काळात त्याचा अभ्यास मागे पडू नये यासाठी वर्गशिक्षिकांमार्फत दर शनिवारी आठवड्याचा अभ्यास व स्वाध्याय मिळावेत. ते नेण्यासाठी मी स्वतः शाळेत येईन. तसेच प्रथम सत्राच्या आकारिक मूल्यमापनातील प्रकल्प व स्वाध्याय घरी करून देण्याची आणि तोंडी काम तो शाळेत आल्यावर घेण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.
>
> औषधांमुळे त्याची प्रतिकारशक्ती काही काळ कमी राहणार आहे. तो शाळेत येऊ लागल्यावर वर्गात कांजिण्या अथवा गोवराचा रुग्ण आढळल्यास मला त्याच दिवशी दूरध्वनीवर कळवावे. घ्यावयाच्या इतर काळजीची टिपण वर्गशिक्षिकांसाठी स्वतंत्र जोडली आहे. आजाराविषयीची माहिती कार्यालयापुरती मर्यादित ठेवावी, ही विनंती.
>
> कळावे,
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, दूरध्वनी)
>
> सोबत : १) डॉक्टरांचा दाखला २) वर्गशिक्षिकांसाठी टिपण
> या अर्जाची पोच मिळावी.

टिपणात चारच ओळी आहेत : डबा घरचा, शाळेतला पोषण आहार सध्या नको. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही लस नको. लघवीला जायचं म्हणाला तर अडवू नये. चेहरा सुजल्यासारखा दिसला किंवा ताप, पोटदुखी, उलटी झाली तर लगेच फोन करावा.

पाटीपेन्सिल

उत्तम. मी दोनच बदल सुचवीन. 'हा आजार संसर्गजन्य नाही' हे वाक्य दाखल्यातही डॉक्टरांकडून लिहून घ्या. तुमच्या शब्दापेक्षा त्यांचा शब्द शाळेत चालतो, आणि कृष्णाकाठ यांच्या मुलीसारखा प्रसंग आला तर मुख्याध्यापकांच्या हातात कागद असतो. दुसरं, शनिवारी कार्यालय लवकर बंद होतं, वर्गशिक्षिकाही घाईत असतात. शुक्रवार लिहा.

लघवीची ओळ फार चांगली सुचली तुम्हाला. ती कोणी लिहीत नाही, आणि पोरं सांगायला लाजतात.

मीठभाकर

टिपणात एक ओळ वाढवा : 'औषधाची वेळ सकाळची असून ती घरीच दिली जाईल.' नाहीतर शाळा विचारते, गोळ्या आमच्याकडे ठेवायच्या का. आणि घरच्यांसाठी एक, अर्जाशी याचा संबंध नाही तरी : तो चांगला दिसायला लागला म्हणून या गोळ्या मधेच बंद करू नका. आमच्या ओळखीत एका आजीबाईंनी तसं केलं आणि पोराला दवाखान्यात ठेवावं लागलं.

कृष्णाकाठ

अर्ज चांगला झालाय. तरीही माझं मत बदललेलं नाही. माहिती कार्यालयापुरती ठेवावी, असं लिहून ती राहते यावर माझा विश्वास नाही. नाव फक्त दाखल्यात ठेवून अर्जात 'मूत्रपिंडाचा असंसर्गजन्य आजार' एवढंच लिहिता आलं असतं. बाकी तुमची शाळा तुम्हाला माहीत.

रानजाई

कृष्णाकाठ, तुमच्या म्हणण्याचा मी दोन दिवस विचार केला. आमचं गाव लहान आहे, दवाखान्यात आम्हाला पाहिलेली माणसं शाळेच्या कट्ट्यावरही भेटतात. नाव लपवलं तर लोक स्वतःच्या मनाने काहीतरी मोठं नाव देतील, असं मला वाटलं. म्हणून लिहिलं. पण तुम्ही सुचवलेला शब्दप्रयोग दुसऱ्या कोणाला बरोबर वाटू शकेल, म्हणून तो इथे राहू दे.

टपालवही

दाखल्याची झेरॉक्स जोडा, मूळ स्वतःकडे ठेवा. शाळेने मूळ मागितला तर दाखवून परत घ्या. पुढे मुलाने शाळा बदलली किंवा विम्याचं काम निघालं तर मूळच लागतो.

रानजाई

(ऑगस्टमधली भर)

अर्ज दिला, शिक्का मारलेली प्रत मिळाली. मुख्याध्यापकांनी अर्जावरच 'वर्गशिक्षिकेने नोंद घ्यावी, स्वाध्याय द्यावेत' असा शेरा मारला. दर शुक्रवारी वह्या मिळतायत. परिसर अभ्यासाचा प्रकल्प त्याने घरी बसून केला, पाण्याच्या वापराची नोंद ठेवायची होती. तेवढ्यात त्याचा वेळ छान गेला.

लघवी तिसऱ्या आठवड्यात निल यायला लागली. २ ऑगस्टला डॉक्टर म्हणाले, रोजचा डोस संपेपर्यंत शाळा नको, म्हणजे २० ऑगस्टपर्यंत. आता वाढीव अर्ज द्यायचाय. पुन्हा सगळं लिहू का? आणि खेळाच्या तासाचं काय लिहावं? डॉक्टर म्हणाले, जमेल तसं खेळू द्या. शाळेतले सर म्हणतात, तसं लेखी दिल्याशिवाय मैदानावर उतरवणार नाही.

पाटीपेन्सिल

सगळं पुन्हा नको. आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख टाका आणि एवढंच लिहा : 'संदर्भीय अर्जानुसार माझ्या मुलाची रजा दि. ४ ऑगस्टपर्यंत मंजूर झाली होती. दि. २ ऑगस्टच्या तपासणीनुसार डॉक्टरांनी आणखी दि. २० ऑगस्टपर्यंत घरी राहण्यास सांगितले आहे. तरी रजा त्या तारखेपर्यंत वाढवून मिळावी. डॉक्टरांचा नवीन दाखला सोबत जोडला आहे.'

खेळाचं आत्ता लिहू नका. तो परत येईल त्या दिवशी डॉक्टरांचा 'शाळेत जाण्यास हरकत नाही' असा दाखला द्यावाच लागेल. त्यातच त्यांना लिहायला सांगा की खेळाच्या तासाला झेपेल तेवढा भाग घेऊ द्यावा, थकल्यास बसू द्यावं. शाळेतल्या सरांना अडवायची हौस नसते हो, मुलाला काही झालं तर उत्तर त्यांना द्यावं लागतं.

मीठभाकर

आमच्या शाळेने तसा दाखला असूनही वर्षभर मैदानावर सोडलं नाही. मी तीनदा भेटले, उपयोग झाला नाही. तुमचे सर निदान कागद मागतायत, तो लवकर द्या.

सोनटक्का

हा धागा मी आमच्या भावजयीला पाठवला. तिची मुलगी दहावीत आहे आणि कावीळ होऊन महिनाभर घरी आहे. तिला ७५ टक्क्यांची अट लागू होईल ना? मग तिचा अर्ज नुसता मुख्याध्यापकांकडे देऊन चालेल की बोर्डालाही कळवावं लागेल?

टपालवही

अर्ज मुख्याध्यापकांकडेच द्यायचा, बोर्डाशी बोलायचं काम शाळेचं असतं. पण दहावीला उशीर करू नका, दाखला आजारपणाच्या काळातलाच हवा. फेब्रुवारीत मागच्या तारखेचा दाखला आणून दिला की शाळाही अडचणीत येते. एक महिना गेल्याने एकूण हजेरी ७५ च्या खाली जातेच असं नाही. आधी आजवरचे कामाचे दिवस आणि तिची हजेरी किती ते वर्गशिक्षकांकडून घ्या आणि इथे टाका, मग बघू.